स्क्रीनवर २१२.४० दिसत होता, मग हातात २०५ का आले? मामांच्या शेअर विक्रीचं प्रकरण

मी बरीच वर्षं एका ब्रोकरच्या ऑफिसात डीलर म्हणून बसलोय, म्हणजे दिवसभर लोकांच्या ऑर्डरी टाकायच्या आणि फोन घ्यायचे. त्या फोनांवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "अहो भाव तर इतका दाखवतोय, मला त्या भावाला का नाही मिळाला?" हे प्रकरण घरातलंच आहे, माझ्या मामांचं. कंपनीचं नाव देत नाही, आकडेही ओळख पटू नये इतपत बदललेत, पण घडलं ते याच क्रमाने.

पार्श्वभूमी

मामा निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे एका छोट्या इंजिनिअरिंग कंपनीचे ४,००० शेअर्स होते, वीसेक वर्षांपूर्वी थोडे थोडे करून घेतलेले, मध्ये बोनस मिळून वाढलेले. २०२४ च्या नोव्हेंबरात मुलीच्या फ्लॅटसाठी त्यांना ६ लाख रुपये द्यायचे होते आणि बिल्डरची मुदत अजून नऊ दिवस लांब होती. हे नऊ दिवस लक्षात ठेवा, पुढे कामाला येतात.

आदल्या दिवशीचा बंद भाव २१२.४०. मामांनी वहीत गुणाकार मांडला, ४,००० गुणिले २१२.४० म्हणजे ८,४९,६००. त्यातले ३,००० विकले की ६,३७,२०० येतील, ६ लाख देऊन वर थोडे उरतील, असा सरळ हिशोब. हा हिशोब जवळपास प्रत्येक जण असाच करतो आणि ॲपमध्ये होल्डिंगची व्हॅल्यूसुद्धा अशीच दाखवतात, त्यामुळे मामांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण २१२.४० हा आकडा नेमका कशाचा होता ते त्यात कुठेच नव्हतं.

बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासात, ३ ते ३:३० मध्ये, जे सौदे झाले त्यांची क्वांटिटीप्रमाणे काढलेली सरासरी. दिवसभर समोर हलत असतो तो एलटीपी, म्हणजे शेवटचा जो सौदा झाला त्याचा भाव. दोन्ही आकडे झालेल्या सौद्यांचे. कुणीतरी कुणालातरी तेवढ्याला दिले, इतकंच ते सांगतात. आता तुमचे ३,००० शेअर्स त्या भावाला घ्यायला कोणी उभं आहे का, हे त्या आकड्यात नसतंच. ते बघायला मार्केट डेप्थ, म्हणजे कोण किती भावाला किती शेअर्स घ्यायला किंवा विकायला बसलंय त्याची यादी, उघडावी लागते.

अडचण कुठे होती

या शेअरमध्ये दिवसाला साधारण सहा-सात हजार शेअर्सचा व्यवहार व्हायचा. मोठ्या कंपन्यांमध्ये तेवढे काही सेकंदांत होतात. म्हणजे मामांना विकायचे ३,००० म्हणजे जवळजवळ अख्ख्या अर्ध्या दिवसाचा माल. सकाळी ९:४० ला डेप्थमध्ये घेणाऱ्यांची बाजू अशी होती:

| घेणाऱ्याचा भाव | शेअर्स |
|---|---|
| २११.०० | ६० |
| २१०.५० | १५० |
| २०९.०० | २०० |
| २०८.०० | ३४० |
| २०५.०० | ५०० |

आणि विकणाऱ्यांच्या बाजूला सगळ्यात वर २१३.९० ला ४० शेअर्स, मग २१४.५० ला १२०, मग २१५ ला ६००.

हे तक्ते कसे वाचायचे ते एकदा नीट बघू, कारण भाव ठरतो तो इथेच. लासलगावला कांद्याचा लिलाव बघितला असेल तर तिथे माल शेतकऱ्याचा आणि बोली फक्त व्यापाऱ्यांची, चढत चढत जिथे थांबेल तो भाव. इथे दोन्ही बाजू बोली लावतात. घेणारा म्हणतो मी जास्तीत जास्त २११ देईन, विकणारा म्हणतो मी कमीत कमी २१३.९० घेईन, आणि दोघं आपापल्या आकड्यावर बसून राहिले तर सौदाच होत नाही, भाव हलत नाही, स्क्रीनवर जुनाच आकडा उभा राहतो. सौदा व्हायला एकाला मधली दरी ओलांडून दुसऱ्याच्या भावाला जावं लागतं. ज्याला घाई तो ओलांडतो आणि त्याची किंमत तोच मोजतो.

एक्सचेंजचा कंप्युटर या सगळ्या ऑर्डरी दोनच नियमांनी जुळवतो. आधी चांगला भाव, म्हणजे जो घेणारा जास्त देतोय त्याचा नंबर पहिला. भाव सारखा असेल तर जो आधी आला तो आधी. ऑर्डर म्हाताऱ्या शिक्षकाची आहे का म्युच्युअल फंडाची, हे तो बघत नाही.

आता वरच्या तक्त्याची बेरीज करा. दिसणारे पाचही घेणारे मिळून १,२५० शेअर्स. मामांना विकायचे ३,०००. आणि २१२.४० ला तर एकही घेणारा नव्हता, सगळ्यात चांगला होता तोच २११ ला, आणि त्याला हवे होते फक्त ६०.

पर्याय कोणते होते

आदल्या रात्री घरात यावर चर्चा झाली होती असं मला नंतर कळलं. मामेभावाचं म्हणणं, मार्केट ऑर्डर टाकून सकाळीच मोकळं व्हायचं, दिवसभर डोक्याला ताप नको. मार्केट ऑर्डर म्हणजे "भाव काही का असेना, आत्ता विका". शेजारच्या एका काकांनी सुचवलं प्री-ओपनमध्ये टाका. सकाळी ९ ते ९:१५ च्या त्या सत्रात ऑर्डरी आधी नुसत्या गोळा होतात आणि मग ज्या एका भावाला जास्तीत जास्त शेअर्सचा सौदा जुळतो तो ओपनिंगचा भाव ठरतो. ज्या शेअरला सकाळपासून गर्दी असते त्यात हा मार्ग बरा, पण इथे त्या वेळात मोजक्याच ऑर्डरी येत होत्या, मग जुळवायला समोर कोण असणार?

तिसरा पर्याय लिमिट ऑर्डरचा, म्हणजे "या भावाच्या खाली विकायचं नाही" असं सांगून रांगेत बसायचं. मामांना वाटलं भाव पडत गेला तर आपण बसूनच राहू. ही भीती खोटी नाहीये, लिमिट ऑर्डर पूर्ण होईलच याची हमी कोणी देत नाही.

आणि चौथा, थोडे थोडे दोन-चार दिवसांत विकायचे. नऊ दिवस हाताशी होते, आज विकलेल्या शेअर्सचे पैसे पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात, म्हणजे हे अगदी आरामात बसत होतं. पण हा पर्याय कोणी मांडलाच नाही. मला यात सगळ्यात जास्त हेच खटकतं, कारण मुदत किती आहे हे कोणी विचारलं असतं तर बाकी सगळं आपोआप सुटलं असतं.

काय केलं

९:४२ ला मामेभावाने २,००० शेअर्सची मार्केट ऑर्डर टाकली, उरलेले १,००० नंतर बघू म्हणून. काही ब्रोकर अशा ऑर्डरला आपल्याकडून एक मर्यादा लावतात, यांच्या ॲपमध्ये तसं काही आडवं आलं नाही. ऑर्डर गेली आणि वरून खाली एकेक घेणारा संपवत गेली. ६० गेले २११ ला, १५० गेले २१०.५० ला, २०० गेले २०९ ला, ३४० गेले २०८ ला, ५०० गेले २०५ ला. इथे दिसणारे पाचही घेणारे संपले, पण ऑर्डरमध्ये अजून ७५० बाकी. मग डेप्थच्या खाली जे दिसत नव्हते त्यांच्याकडे. २०२ ला ४००, आणि २०० ला एक जण १,१०० घ्यायला बसलेला होता (असे गोल आकड्यावर बसणारे नेहमी सापडतात), त्याच्याकडे उरलेले ३५० गेले.

हिशोब: २,००० शेअर्सचे ४,१०,०५५ रुपये. सरासरी २०५.०३. वहीतल्या हिशोबाने ४,२४,८०० यायला हवे होते, म्हणजे १४,७४५ रुपये कमी, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आता शेवटचा सौदा २०० ला झाला होता, म्हणून सगळ्या देशात ज्यांच्याकडे हा शेअर होता त्यांच्या स्क्रीनवर लाल अक्षरात २००.००, जवळजवळ ६ टक्के खाली. मिनिटाभरात अजून १२० शेअर्स २०० लाच विकले गेले. ते आपले नव्हते. कुणाचा स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरलेल्या आकड्याखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर, लागला असेल किंवा कुणी घाबरून विकलं असेल, स्क्रीन कारण सांगत नाही.

मला मामांचा फोन आला ९:५० च्या सुमारास, आवाज एकदम उतरलेला.

"अरे, कंपनीत काहीतरी गडबड दिसतेय रे, भाव धडाधड पडतोय. उरलेले हजारपण काढून टाकू का?"

मी म्हटलं, "मामा, एक मिनिट थांबा. तुम्ही किती विकले आणि कधी?"

त्यांनी सांगितलं. मी एक्सचेंजच्या साइटवर कंपनीच्या घोषणा बघितल्या, काहीही नवीन नव्हतं. मग डेप्थ उघडली, तर घेणारा २०० ला आणि विकणारा अजूनही २१३.९० लाच, तेच ४० शेअर्स, जागचे हललेले नाहीत. मध्ये १३ रुपये ९० पैशांची दरी. कंपनीची काही वाईट बातमी आली असती तर विकणाऱ्यांनी आधी आपले भाव खाली आणले असते, २१३.९० वर कोणी बसून राहिलं नसतं. इथे विकणारे जिथल्या तिथे आणि फक्त घेणाऱ्यांची बाजू रिकामी, याचा अर्थ एका मोठ्या ऑर्डरने पायऱ्या खाऊन टाकल्यात.

मी म्हटलं, "मामा, हा भाव तुम्हीच पाडलाय. आता आपल्याच पडलेल्या भावाला घाबरून परत विकू नका."

ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग किती वेळ थांबायचं?" मी म्हटलं घेणारे परत येऊन बसेपर्यंत, बघूया.

त्या क्षणी उरलेले १,००० मार्केट ऑर्डरने विकले असते तर काय झालं असतं तेही मी नंतर मांडून बघितलं. २०० वाल्याचे उरलेले ६३०, मग १९६ ला २५० आणि १९५ ला १२०, असे मिळून १,९८,४०० रुपये, म्हणजे सरासरी १९८.४०. त्याच्याही खाली जात राहिलं असतं तर १९१.१६ ला दहा टक्क्यांचं लोअर सर्किट होतं, त्याखाली त्या दिवशी सौदाच होऊ शकत नाही.

घेणारे परत यायला फार वेळ लागला नाही. दहाच्या आसपास कुणीतरी २०६ ला १०० लावले, मग २०७.५० ला दुसरा. २०० बघून ज्यांना स्वस्त वाटलं ते पुढे सरकले, पण एकमेकांच्या पुढे बसायचं तर थोडं जास्त द्यावं लागतं म्हणून भाव वर वर चढत गेला. १०:१७ ला नवीन आलेल्या एका विकणाऱ्याने २०९ लावले आणि कुणीतरी त्याचे फक्त २५ शेअर्स घेतले. झालं, स्क्रीनवर २०९. मामांचा मेसेज आला, "भाव सावरला". पण सावरला म्हणजे काय, तर जवळजवळ साडेचार टक्क्यांची ही चढण २५ शेअर्सची, सव्वापाच हजार रुपयांच्या सौद्याची. २०० पर्यंतची उतरण खरी होती तितकीच ही चढणही खरी, दोन्हीकडे सौदे झालेच. फक्त एकामागे २,००० शेअर्स होते आणि दुसऱ्यामागे २५, आणि एलटीपीचा आकडा हा फरक दाखवत नाही.

उरलेले हजार

आता ऑर्डरी मी सांगायचो आणि मामा स्वतः टाकायचे. पहिल्या दिवशी दुपारी २५० शेअर्स २०९.५० च्या लिमिटला लावले, ३ वाजून गेल्यावर दोन तुकड्यांत गेले. त्यानंतर शेवटचा सौदा २०७ ला झाला आणि तरी बंद भाव लागला २०८.१५. मामांनी विचारलं हा आकडा आला कुठून, तेव्हा ती अर्ध्या तासाची सरासरी त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आली, कारण त्या सरासरीत आता त्यांचे स्वतःचे २५० पण होते.

दुसऱ्या दिवशी ३०० शेअर्स २१० ला. तिथे आपल्या आधी कुणाचे तरी १८० लागलेले होते, म्हणजे ते संपेपर्यंत आपला नंबर नाही. तासभर काहीच होईना तेव्हा मामा म्हणाले जरा २१०.५० करून बघू का. मी नको म्हटलं. भाव बदलला की रांगेतली जागा जाते आणि परत २१० ला यायचं म्हटलं तर सगळ्यांच्या मागे. क्वांटिटी वाढवली तरी तसंच, कमी केली तर मात्र जागा टिकते. सगळे ७५० एकदम का नाही लावले, तर २१० ला ७५० चा ढीग दिसला असता आणि बाकीच्या विकणाऱ्यांनी २०९.९० लावून आपल्या पुढे जागा घेतली असती, घेणारेही म्हणाले असते इतका माल पडून आहे तर घाई कशाला. मोठी ऑर्डर नुसती उभी राहूनसुद्धा भावावर वजन टाकते. ते ३०० दुपारी दोनच्या आत गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ११ ला डेप्थमध्ये २११.२० ला ६०० घेणारा एक जण दिसला. कोण होता माहीत नाही, पण या शेअरसाठी हा मोठा घेणारा. इथे मी मामांना म्हटलं रांगेत बसू नका, सरळ त्याच्याकडे जा. २११.२० ची लिमिट घालून ४५० टाकले, लगेच गेले. घाई करायची वेळ असते ती हीच, समोर आपल्या मापाचा घेणारा दिसतोय आणि भाव मान्य आहे. लिमिट तरीही घातलीच, कारण आपण बटण दाबेपर्यंत तो उठून गेला असता तर ऑर्डर परत खालच्या पायऱ्यांवर घसरली असती.

निकाल

शेवटच्या १,००० शेअर्सचे २,१०,४१५ रुपये आले, सरासरी साधारण २१०.४२. सगळे मिळून ३,००० चे ६,२०,४७०, त्यातून ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर, आणि बाकी किरकोळ चार्जेस गेले. बिल्डरचे ६ लाख वेळेत दिले.

वहीतल्या ६,३७,२०० पेक्षा १६,७३० रुपये कमी आले, आणि त्यातले १४,७४५ त्या पहिल्या एका ऑर्डरीत गेले. नंतरच्या तीन दिवसांत गेले ते १,९८५.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात सोपं म्हणजे पहिलीच ऑर्डर २०८ ची लिमिट घालून टाकायची. वरच्या चार घेणाऱ्यांकडे ७५० शेअर्स गेले असते, सरासरी २०९ च्या आसपास, आणि उरलेले १,२५० विकणाऱ्यांच्या रांगेत २०८ ला जाऊन बसले असते. तेही आदर्श नाही, कारण १,२५० चा ढीग सगळ्यांना दिसला असता, म्हणून तेवढे ७५० गेल्यावर बाकीची ऑर्डर काढून घेणं बरं. डिस्क्लोज्ड क्वांटिटी म्हणून एक सोय असते, त्यात ऑर्डरचा थोडाच भाग बाकीच्यांना दिसतो. पण हजार-दोन हजार शेअर्ससाठी हाताने तुकडे करणं मला जास्त सोपं वाटतं.

दुसरं, विकायच्या आधी आपली क्वांटिटी रोजच्या व्हॉल्यूमशी लावून बघायची. २,००० म्हणजे इथे दिवसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा होता. हाच आकडा रोज लाखो शेअर्स फिरणाऱ्या कंपनीत असता तर मार्केट ऑर्डरने पाच-दहा पैशांचाच फरक पडला असता आणि मी हे लिहायलाही बसलो नसतो.

आणि माझ्या सल्ल्याचीही एक बाजू सांगायला हवी. आम्ही तीन दिवस थांबलो ते चाललं, पण त्या तीन दिवसांत कंपनीचा वाईट निकाल आला असता किंवा सगळा बाजारच पडला असता तर ते १,००० कदाचित १९० ला विकावे लागले असते, आणि मग सकाळची मार्केट ऑर्डर शहाणपणाची वाटली असती. थांबण्याचा खर्च डेप्थमध्ये दिसत नाही. मामांच्या बाबतीत तो मला परवडणारा वाटला कारण मुदत नऊ दिवसांची होती आणि ६ लाखांतले ४ लाख आधीच हातात आले होते. पैसे उद्याच लागणार असते तर मी त्यांना कमी भावाची लिमिट घालून त्याच दिवशी मोकळं व्हायला सांगितलं असतं.

मामांकडे अजून १,००० शेअर्स आहेत. वहीत आता ते भावाच्या एका आकड्याऐवजी तीन लिहितात: घेणारा किती देतोय, विकणारा किती मागतोय, आणि २०५ च्या वर एकूण किती शेअर्सचे घेणारे बसलेत. परवा फोनवर म्हणाले, "आज वरचे पाच मिळून चारशेच आहेत रे." मी विचारलं विकायचेत का. म्हणाले, "नाही, नुसतं बघत होतो."